भूसंपादनाचा मोठा प्रश्न: एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून

आमच्या शनिवारच्या वर्गाला नाव घातलेल्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. मालमत्ता कायद्याच्या पेपरात भूसंपादनावर एक लांबलचक उदाहरण येतं. त्यात शेतकरी, शेतमजूर, सरकार आणि बाजूला कुठेतरी एक कंपनी असते, आणि शेवटी ‘सर्व पक्षांना सल्ला द्या’ असं लिहिलेलं असतं. सरावाच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हाला एकच गोष्ट सतत दिसते. मुलं 2013 चा कायदा कलमवार उतरवून काढतात आणि प्रश्नातल्या तारखा, खरेदीखतं, पत्रं यांना हातच लावत नाहीत. म्हणून इथे एकच प्रश्न घेतला आहे. गाव, माणसं, आकडे आमचे, कायदा खरा.

प्रश्न असा. एका गावाच्या शिवारात बाजार समितीसाठी नवं शेतमाल यार्ड करायचं म्हणून जमीन घेतली जात आहे. सामाजिक प्रभाव निर्धारणाची अधिसूचना 1 मार्च 2022 ला निघाली, कलम 11 ची प्रारंभिक अधिसूचना 1 डिसेंबर 2022 ला, कलम 19 ची घोषणा 15 मे 2023 ला आणि निवाडा 1 सप्टेंबर 2023 ला झाला. एका शेतकऱ्याची 80 आर जमीन त्यात गेली. त्यातले 20 आर रस्त्याला लागून आहेत. त्याने 20 जानेवारीला लेखी हरकत दिली होती. पुढे माहितीच्या अधिकारात त्याला एक पत्र मिळालं. अधिसूचनेच्या तीन महिने आधी एका हॉटेल कंपनीने सरकारला लिहिलं होतं, ‘रस्त्यालगतचा तुकडा आम्हाला मिळाल्यास यार्डाच्या खर्चात वाटा उचलू.’ त्याच शेतात आठ वर्षांपासून झोपडी बांधून राहणारं मजुराचं एक कुटुंब आहे. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कुठेही नाही.

आधी प्रयोजन

पैशाचं गणित सोपं वाटतं म्हणून बहुतेक जण तिथून सुरुवात करतात. पण प्रयोजनच टिकलं नाही तर मोबदल्याचा प्रश्न उरत नाही, म्हणून उत्तरात ते पहिलं यायला हवं.

2013 च्या कायद्याच्या कलम 2 मध्ये सार्वजनिक प्रयोजनांची यादी आहे. शेतमालाच्या विपणनाच्या सोयी, गोदामं, शीतगृहं ही सरकारने, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने उभारली तर त्या यादीत बसतात. बाजार समिती कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. यार्ड बसलं. हॉटेलचं काय? पायाभूत सुविधांच्या उपकलमातून खासगी रुग्णालयं, खासगी शिक्षणसंस्था आणि खासगी हॉटेलं स्पष्टपणे वगळली आहेत. हा एक शब्द लक्षात ठेवणारा विद्यार्थी आमच्या पाहण्यात दहात एखादा असतो.

सरकारी वकील म्हणेल की पर्यटनही त्याच कलमात आहे. ते खरं आहे, आणि उत्तरात ते लिहायलाच हवं. पण अधिसूचनेत पर्यटनाचा उल्लेख नाही, यार्डाचा आहे. शिवाय ज्या कामासाठी जमीन मागितली ते प्रयोजन बदलू नये असं कलम 99 सांगतं. कंपनीसाठीच जमीन घ्यायची होती, असं सरकार उघडपणे म्हणालं तर प्रकरण खासगी कंपनीसाठीच्या संपादनाचं होतं आणि ज्यांची जमीन किंवा स्थावर मालमत्ता जाते अशा बाधित कुटुंबांपैकी किमान 80 टक्के कुटुंबांची पूर्वसंमती लागते. सार्वजनिक-खासगी भागीदारीत ही मर्यादा 70 टक्के आहे. मात्र संमती मिळाली म्हणून यादीबाहेरचं प्रयोजन यादीत येत नाही. हा फरक लिहा.

आता अडचण. कलम 19 नुसार घोषणा झाली की जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी आहे याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. मग आव्हान कसं द्यायचं? याचं उत्तर जुन्या कायद्याखालच्या निकालांत आहे. सोमावंती (1963) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही निर्णायकता मान्य केली, पण अधिकाराचा बनावट वापर झाला असेल तर घोषणा तपासता येते ही वाट मोकळी ठेवली. ती वाट रॉयल ऑर्किड हॉटेल्स (2011) निकालात ठळक दिसते. कर्नाटकात पर्यटन महामंडळाच्या गोल्फ-कम-हॉटेल प्रकल्पासाठी म्हणून जमीन घेतली गेली आणि पुढे ती खासगी व्यक्तींच्या हाती गेली. न्यायालयाने ही सत्तेची फसवणूक मानली आणि जमीनमालकाला झालेला उशीरही आड येऊ दिला नाही. आपल्या प्रश्नातलं पत्र म्हणून महत्त्वाचं आहे. ते अधिसूचनेच्या आधीचं आहे, म्हणजे हॉटेलचा विचार नंतर सुचला असं सरकारला म्हणता येणार नाही.

हरकतीची तारीखही तपासा. कलम 15 खाली 60 दिवस मिळतात. 1 डिसेंबरपासून ते 30 जानेवारीला संपतात, म्हणजे हरकत मुदतीत आहे. तिच्यावर सुनावणी झाली का, अहवालात तिचा विचार दिसतो का, हे पाहायचं. हिंदुस्तान पेट्रोलियम वि. दरायस शापूर चेनाई (2005) मध्ये न्यायालयाने सांगितलं की ही सुनावणी म्हणजे नुसता उपचार नाही. आव्हान दिवाणी न्यायालयात चालत नाही, कलम 63 तिथे आड येतं. उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली रिट याचिका करायची, आणि लवकर. ताबा जाऊन यार्डाच्या भिंती उभ्या राहिल्यावर गेलात तर रॉयल ऑर्किडसारखी सवलत मिळेलच असं नाही.

सल्ला असा निघतो: 20 आरांवर आव्हान भक्कम आहे, उरलेल्या 60 आरांवर कमजोर. यार्ड खोटं आहे असं कुठेही दिसत नाही. ‘संपूर्ण संपादन रद्द’ असं ठोकून देणारं उत्तर आम्ही कमी गुणांचं मानतो.

मोबदला, आकड्यांसह

प्रश्नात दर हेक्टरी आकडे दिले आहेत. रेडी रेकनरचा दर 30 लाख. अधिसूचनेच्या वर्षाआधीच्या तीन वर्षांत त्याच गावात तशाच जमिनीची सहा खरेदीखतं झाली: 60, 52, 44, 36, 32 आणि 28 लाख. विहीर, पंप आणि आंब्याची झाडं मिळून 6.80 लाख. ग्रामीण भागाचा गुणक 2 दिला आहे. (गुणक 1 ते 2 च्या दरम्यान असतो आणि तो राज्य ठरवतं, म्हणून प्रश्नात दिलेलाच वापरा.)

कलम 26 मध्ये रेडी रेकनरचा दर, खरेदीखतांची सरासरी किंवा संमतीने ठरलेली रक्कम यांपैकी जे जास्त ते धरतात. सरासरी मात्र सगळ्या खतांची नसते. वरच्या किमतीची निम्मी खतं घ्यायची. सहापैकी तीन, म्हणजे 60, 52 आणि 44. सरासरी 52 लाख, रेडी रेकनरपेक्षा कितीतरी वर. 80 आरांचे होतात 41.60 लाख. गुणक लावला की 83.20 लाख, आणि विहीर-झाडं मिळवली की बरोबर 90 लाख. यावर कलम 30 प्रमाणे 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे आणखी 90 लाख. झाले 1 कोटी 80 लाख.

शिवाय बाजारभावावर दर साल 12 टक्के मिळतात. हे सामाजिक प्रभाव निर्धारणाच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, जे आधी असेल तिथपर्यंत. 1 मार्च 2022 ते 1 सप्टेंबर 2023 म्हणजे 18 महिने, 18 टक्के. आम्ही ते गुणकाआधीच्या 41.60 लाखांवर धरतो, येतात 7,48,800 रुपये. गुणकानंतरच्या रकमेवर धरायचं असा युक्तिवादही होतो. कोणताही धरा, पण काय धरलं ते एका ओळीत लिहा. यावर दिलासा रक्कम लागत नाही. एकूण 1,87,48,800 रुपये.

चूक कुठे होते ते एकदा पाहा. सहाही खतांची सरासरी काढली तर 42 लाख येतात, आणि शेवटच्या बेरजेत शेतकऱ्याचे 33.44 लाख रुपये बुडतात. परीक्षेत गुण जातात. भूसंपादन कार्यालयाच्या कागदावर अशी चूक झाली तर एका घराचं आयुष्य बदलतं. आणखी एक: एखादा व्यवहार संशयास्पद असेल, खऱ्या बाजारभावाचा द्योतक नसेल, तर जिल्हाधिकारी ते खत बाजूला ठेवू शकतात. 60 लाखांचं खत तसं असल्याची खूण प्रश्नात असेल तर दोन्ही हिशेब मांडा.

रक्कम कमी वाटली तर कलम 64 खाली प्राधिकरणाकडे संदर्भ मागता येतो. शेतकरी निवाड्याच्या वेळी हजर होता असं धरलं तर सहा आठवडे, म्हणजे 13 ऑक्टोबर 2023 पर्यंत. पुरेसं कारण दाखवलं तर पुढे एका वर्षापर्यंत अर्ज ऐकला जाऊ शकतो. पण समजा त्याने 10 ऑक्टोबरला धनादेश घेतला आणि पावतीवर नुसती सही केली. ‘अंडर प्रोटेस्ट’ असं लिहिलं नाही, तोंडीही हरकत नोंदवली नाही. कलम 77 प्रमाणे त्याला आता संदर्भ मागता येत नाही. पावतीवरचे ते दोन शब्द लाखमोलाचे असतात.

सातबाऱ्यावर नाव नसलेलं कुटुंब

इथे विद्यार्थी एक ओळ लिहून मोकळे होतात: ‘मजूर मालक नाही, त्याला हक्क नाही.’ साफ चूक. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत जमीन नसलेली कुटुंबंही येतात, मग ती शेतमजुरांची असोत, कुळांची की कारागिरांची. ती संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात काम करत असायला हवीत आणि त्यांच्या चरितार्थाचं मुख्य साधन जायला हवं. आपलं कुटुंब आठ वर्षांचं आहे. पुरावा सातबाऱ्यावर मिळणार नाही. तो रेशनकार्ड, मतदार यादी, मुलांचा शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीची घरपट्टी यांत सापडतो.

दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे घर गेलं म्हणून त्यांना बांधलेलं घर मिळतं. रोजगाराच्या जागी नोकरी, एकरकमी 5 लाख रुपये, किंवा 20 वर्षं महिना किमान 2,000 रुपये वार्षिकी, यांतला एक पर्याय. निर्वाह भत्ता महिना 3,000 प्रमाणे वर्षभर, म्हणजे 36,000. सामान हलवायला 50,000 आणि पुनर्वसाहत भत्ता 50,000. एकरकमी पर्याय घेतला तर घर सोडून 6,36,000 रुपये होतात. यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 31 चा वेगळा पुनर्वसन निवाडा करायचा असतो. मोबदल्याच्या निवाड्यात कुटुंबाचा उल्लेख नाही एवढ्यावर हक्क जात नाही.

ताब्याचं वेळापत्रक कलम 38 मध्ये आहे. मोबदला निवाड्यापासून तीन महिन्यांत, पुनर्वसनाचा रोख भाग सहा महिन्यांत, वसाहतीच्या पायाभूत सोयी 18 महिन्यांत. हे पैसे चुकते झाले याची खात्री करूनच ताबा घ्यायचा. म्हणून प्रश्नात जेसीबी नोव्हेंबरमध्ये आली असेल आणि मजुराच्या हातात एक रुपयाही पडला नसेल, तर मोबदला बरोबर असूनही ताबा बेकायदा ठरतो.

महाराष्ट्राबद्दल एक ओळ: राज्याने 2018 च्या दुरुस्तीने काही प्रकल्पांना सामाजिक प्रभाव निर्धारणातून सूट देण्याची सोय केली आहे. प्रश्नात तसं म्हटलं असेल तर तिथे वेगळं थांबा. आपल्या उदाहरणात निर्धारण झालेलं आहे, म्हणून तो मुद्दा काढू नका.

हाच प्रश्न तारखा बदलून शनिवारी वर्गात देऊ. कॅल्क्युलेटर आणा आणि उत्तर हाताने लिहा, मोबाइलवर टाइप केलेलं तपासत नाही.