पार्श्वभूमी: स्क्रू गेजच्या फोटोतील अर्ध्या मिलिमीटरचा घोळ

स्क्रूच्या फेऱ्यांवरून सूक्ष्म अंतर मोजण्याची कल्पना सतराव्या शतकात दुर्बिणीच्या नेत्रभिंगापाशी आली. हातात मावणाऱ्या, यू आकाराच्या चौकटीच्या गेजचे पेटंट फ्रान्समध्ये 1848 साली निघाले. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात ते अमेरिकी कारखानदारांच्या नजरेस पडले आणि वर्षभरात पातळ पत्रे मोजण्यासाठी त्याची आवृत्ती बाजारात आली. तोवर पत्र्याची जाडी गेज नंबरने सांगत. प्रत्येकाचे तक्ते वेगळे असल्याने एकाच नंबरचा माल दोन ठिकाणी दोन जाडीचा ठरे.

खरा घोळ मात्र मेट्रिक गेजची पिच, म्हणजे एका फेरीत स्क्रू जितका सरकतो ते अंतर, ठरवताना झाला. एक पद्धत 1 मिमी पिच आणि फेरीचे 100 भाग करणारी, दुसरी 0.5 मिमी पिच आणि 50 भाग करणारी. पिच भागिले भाग केले की दोन्हींचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारे सर्वांत लहान अंतर, 0.01 मिमीच येतो. कारखान्यांत दुसरी रुळली आणि ते योग्यच झाले. सुमारे 15 मिमी व्यासाच्या थिंबलवर, म्हणजे फिरत्या नळीवर, 100 रेघा आखल्या तर त्या अर्ध्या मिमीपेक्षाही जवळ येतात. 50 आखल्या तर अंतर जवळपास 1 मिमी राहते आणि डोळ्याला नीट दिसते. त्याची किंमत म्हणून स्थिर नळीवरच्या मुख्य श्रेणीवर अर्ध्या मिमीची रेघ आली. फोटोवरून वाचन करणारे चुकतात ते इथेच.

एक फोटो घ्या. पिच 0.5 मिमी, भाग 50. पत्रा जबड्यात आहे, थिंबलचा 47 वा भाग मुख्य श्रेणीच्या आडव्या रेघेशी जुळतो आणि थिंबलच्या कडेला अर्ध्या मिमीची रेघ किंचित डोकावते आहे. ही रेघ धरली तर 0.97 मिमी, सोडली तर 0.47 मिमी. निर्णय कडेजवळच्या जागेवर होतो. जाडी 0.97 असती, तर ती रेघ कडेपासून जवळपास अर्धा मिमी मागे, मोकळी दिसली असती आणि कडेला 1 मिमीची रेघ डोकावली असती. इथे ती कडेला चिकटलेली आहे आणि थिंबल अजून 50 वर, म्हणजे पुढच्या शून्यावर, पोचलेले नाही. रेघेला स्वतःची जाडी असते, म्हणून ती थोडी आधीच दिसू लागते. म्हणून वाचन 0.47 मिमी.

आता जबडे मिटलेला फोटो पाहा. तिथे तिसरा भाग आडव्या रेघेवर आहे आणि थिंबलचे शून्य तिच्याखाली, म्हणजे शून्य त्रुटी +0.03 मिमी. ती वजा केल्यावर जाडी 0.44 मिमी. शून्य रेघेच्या वर असते, तर त्रुटी ऋण धरून तेवढीच रक्कम मिळवावी लागली असती.

एक मर्यादा फोटोचीच आहे. थिंबलचा पृष्ठभाग आडव्या रेघेच्या पातळीपेक्षा उंच असतो. त्यामुळे कॅमेरा वरून किंवा खालून धरला की जुळणारा भाग एखाद्याने सरकलेला दिसतो. दोन्ही फोटो एकाच कोनातून काढलेले नसतील, तर त्या 0.44 मधला शेवटचा 4 खात्रीचा धरता येत नाही.