विचारलं सिन, तपासलं फिन

"सर, अँडचं उत्तर 2 आलं. 1 यायला हवं होतं ना?" नेटवर्किंग शिकणाऱ्या एका मुलीचा हा प्रश्न. अँड या बिटांवरच्या क्रियेने ती पॅकेटमधला एक फ्लॅग तपासत होती; अँडमध्ये दोन्ही बिट 1 असतील तरच उत्तराचा बिट 1 येतो. तिचा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

टीसीपी म्हणजे दोन संगणकांमधली जोडणी सांभाळणारी नियमावली. तिच्या प्रत्येक पॅकेटमध्ये फ्लॅगांचा एक बाइट असतो. त्यातला अगदी उजवा बिट फिन, म्हणजे 'माझं बोलणं संपलं'. त्याची किंमत 1. त्याच्या डावीकडचा सिन, 'जोडणी सुरू करू या', किंमत 2. पाचवा ॲक, 'पोचलं', किंमत 16. सिनच्या विनंतीला होकार देताना सिन आणि ॲक दोन्ही लागतात, म्हणजे 2 + 16 = 18; हेक्समध्ये 0x12, बिटांत 00010010. या बाइटमध्ये सिन आहे का, हे बघायला 0x02 हा मास्क घ्यायचा.

```
  00010010
& 00000010
  --------
  00000010
```

मास्क म्हणजे एकच भोक असलेला पुठ्ठा. जिथे 0, तिथे खालचं काहीही असो, उत्तर 0. बेरजेसारखा हातचा इथे नसतो, त्यामुळे शेजारचा बिट लुडबुड करू शकत नाही. भोकातून दिसतो तो बिट, पण आपल्या जागेवरच. म्हणून उत्तर 0 किंवा 2. 1 कधीच नाही. तुलना 0 शी करायची.

तिने मग सुधारून लिहिलं:

```c
if (flags & 0x02 == 0x02)
```

दिसायला चोख, पण सी भाषेत `==` आधी सोडवलं जातं. 0x02 बरोबर 0x02, हे खरं, म्हणजे 1. उरलं `flags & 1`. विचारलं सिन, तपासलं फिन! जोडणी बंद करायला आलेलं 0x11, म्हणजे फिन आणि ॲक, इथे नवी जोडणी ठरतं, आणि खरी विनंती, 0x02, नाकारली जाते. (हा विचित्र क्रम सीला जुन्या बी भाषेकडून आला. तिथे `&&` नव्हतं, त्याचं काम `&` च करायचं.)

ही चूक सहज निसटते. 0x00 आणि 0x03 देऊन पाहिलं तर दोन्ही उत्तरं बरोबर येतात. 'चालतंय ना, मग हात लावू नका' ही आमच्या धंद्यातली अंधश्रद्धा इथेच पोसली जाते. बाइटच्या किमती फक्त 256. सगळ्याच तपासाव्यात, आणि पडताळा अँड न वापरता घ्यावा: 2 ने भागल्यावर येणारा पूर्णांक भागाकार विषम असेल तर सिन आहे.

```c
for (int v = 0; v < 256; v++)
    if (((v & 0x02) != 0) != ((v / 2) % 2 == 1))
        printf("%d\n", v);
```

कंस जागेवर असतील तर काहीच छापलं जात नाही. लूपमधल्या अँडच्या जागी तिची अट घातली, तर 1, 2, 5, 6, 9, 10 असे 128 आकडे येतात. 'होय' किती वेळा आलं एवढंच मोजून मात्र भागत नाही: बरोबर अट 128 वेळा होय म्हणते, आणि चुकीचीही 128 वेळाच! फक्त बाइट वेगळे. आणि `v` ला `unsigned char` करू नका. 255 नंतर तो पुन्हा 0 होतो आणि लूप थांबतच नाही.

दोन फ्लॅग एकदम हवे असतील तर 0 शी तुलना पुरत नाही. `flags & 0x12` नुसत्या ॲकलाही शून्येतर येतं. तिथे `(flags & 0x12) == 0x12` लिहावं लागतं, कंसासकट. कंस विसरलात तर जीसीसी `-Wall` लावल्यावर इशारा देतो. तिच्या स्क्रीनवर तो आला होता, पण तिने तो वाचलाच नव्हता.