स्लीप ट्रेनिंग: अटॅचमेंट आणि ताणावरचे दूरगामी परिणाम

बाळाने पालकांच्या मदतीशिवाय झोपी जावं आणि रात्री जाग आली तरी आपलं आपण परत झोपावं यासाठी ज्या वर्तनाधारित पद्धती वापरतात त्यांना मिळून स्लीप ट्रेनिंग म्हणतात. यात दार लावून सकाळपर्यंत न जाणं येतं, ठरावीक अंतराने (आधी २ मिनिटं, मग ४, मग ६ असं) डोकावून येणं येतं, पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसणं आणि ती रोज थोडी लांब सरकवणं येतं, आणि झोपायची वेळच उशिरा नेऊन बाळ पेंगल्यावर ठेवणंही येतं. यातल्या शेवटच्या प्रकारात रडणं फारसं नसतंच, त्यामुळे 'स्लीप ट्रेनिंग वाईट की चांगली', म्हणजे रडू दिल्याने बाळाची पालकांशी असलेली भावनिक जवळीक, अर्थात अटॅचमेंट, बिघडते का आणि त्याचा ताण वाढतो का, हा वाद बऱ्याचदा पहिल्या दोन प्रकारांपुरताच असतो हे आधी लक्षात घ्यावं.

वैद्यकीय साहित्यात या पद्धतीची सुरुवात साधारणपणे १९५९ पासून धरतात. त्या वर्षी सी. डी. विल्यम्स यांनी सुमारे २१ महिन्यांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. झोपवताना आरडाओरडा करणाऱ्या या मुलाला खोलीत ठेवून बाहेर पडायला सुरुवात केली तेव्हा पहिल्यांदा तो ४५ मिनिटं रडला आणि दहाव्या वेळेपर्यंत रडणं थांबलं, मग मधे एकदा मावशी की आत्या कोणीतरी त्याला जवळ घेतलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. बाळाला रडू द्यावं हा सल्ला मात्र त्याहून जुना आहे, १९व्या शतकाच्या शेवटच्या बालसंगोपनाच्या पुस्तकांतही तो सापडतो, म्हणून १९५९ ला सुरुवात म्हणण्यापेक्षा पहिली मोजलेली नोंद म्हणणं जास्त बरोबर.

बाळाला रडू देऊ नये म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचा मूळ आधार १९७२ चा. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी २६ आई-बाळ जोड्यांचं वर्षभर घरी जाऊन निरीक्षण केलं आणि ज्या आया रडण्याला पटकन प्रतिसाद देतात त्यांची बाळं पुढे कमी रडतात असं मांडलं. यावर १९७७ मध्ये गेविर्ट्झ आणि बॉयड यांनी पद्धतीबद्दल जोरदार आक्षेप घेतले, आणि २००० साली व्हॅन आयझेनडोर्न आणि हबर्ड यांनी तोच अभ्यास पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल आला नाही. तसंही तो अभ्यास दिवसभराच्या प्रतिसादाचा होता, चार-पाच रात्रींच्या ट्रेनिंगचा नव्हता. हा फरक वादात नेहमी गळून पडतो.

ताणाबद्दल सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास म्हणजे २०१२ चा वेंडी मिडलमिस आणि सहकाऱ्यांचा, न्यूझीलंडमधला. ४ ते १० महिन्यांची २५ बाळं आईबरोबर पाच दिवसांच्या निवासी कार्यक्रमात आली होती, झोपवताना परिचारिका बाळाला खोलीत ठेवायची आणि रडलं तरी आत जायचं नाही असं होतं. आई आणि बाळ दोघांच्या लाळेतून कॉर्टिसॉल हे ताणात वाढणारं संप्रेरक मोजलं. पहिल्या दिवशी दोघांचं कॉर्टिसॉल एकमेकांशी जुळत होतं. तिसऱ्या दिवशी बाळं रडायची थांबली, आयांचं कॉर्टिसॉल उतरलं, पण बाळांचं होतं तिथेच राहिलं. यावरून 'बाळ गप्प झालं तरी आतून ताणात असतं' हे वाक्य जगभर पसरलं.

आता यात अडचण अशी की बाळांचं घरचं, नेहमीचं कॉर्टिसॉल किती हे मोजलेलंच नव्हतं, आणि ट्रेनिंग न घेणारा तुलनेचा गटही नव्हता. म्हणजे तो आकडा ट्रेनिंगमुळे वर होता, की अनोळखी जागेत अनोळखी माणसाने झोपवल्यामुळे, की त्या बाळांचा तो रोजचाच होता, हे सांगता येत नाही. 'उतरलं नाही' आणि 'वाढलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय कॉर्टिसॉल दिवसभरात स्वतःच खालीवर होतं, सकाळी जास्त आणि रात्री कमी, आणि ही लय पहिल्या वर्षात हळूहळू बसते, त्यामुळे एकदोन संध्याकाळच्या नमुन्यांवरून वर्षानुवर्षांच्या ताणाबद्दल बोलणं धाडसाचंच. अभ्यासाने एक खरा प्रश्न उभा केला एवढं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा मायकेल ग्रॅडिसार यांच्या गटाने ऑस्ट्रेलियात केला (२०१६). ६ ते १६ महिन्यांची ४३ बाळं चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटली: १४ जणांना अंतर वाढवत डोकावण्याची पद्धत, १५ जणांना झोप उशिरा नेण्याची, १४ जणांच्या पालकांना फक्त झोपेबद्दल माहिती. ट्रेनिंगवाल्या गटांत कॉर्टिसॉल वाढलेलं दिसलं नाही, उलट किंचित कमी होत गेलं, आणि वर्षभराने अटॅचमेंट तपासली तेव्हा गटागटांत ठळक फरक नव्हता. ही तपासणी एन्सवर्थ यांच्याच प्रसिद्ध चाचणीने होते: अनोळखी खोलीत आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते, आणि ती आल्यावर बाळ तिच्याजवळ जाऊन शांत होतं का, म्हणजे अटॅचमेंट सुरक्षित आहे का, की बाळ तिला टाळतं, की चिकटून रडतच राहतं, हे बघतात. पण आकडा बघा: १४ च्या गटात एक बाळ इकडचं तिकडे झालं की टक्केवारी ७ ने हलते. इतक्या छोट्या अभ्यासात मोठं नुकसान असतं तर कदाचित दिसलं असतं, लहानसं असेल तर ते दिसणारच नाही. २०२० मध्ये बिल्गिन आणि वोल्के यांनी १७८ बाळांचा मागोवा घेऊन असाच 'फरक नाही' निकाल दिला, त्यावरही पुढच्या वर्षी हाच आक्षेप आला.

म्हणून दूरच्या परिणामांसाठी सगळ्यात वजनदार पुरावा मेलबर्नचा मानावा लागतो. ७ महिन्यांच्या बाळाच्या झोपेचा त्रास सांगणारी ३२८ कुटुंबं घेतली, काहींना परिचारिकांनी डोकावण्याची किंवा खुर्चीची पद्धत शिकवली, बाकीच्यांना नेहमीची सेवा. वर्षाच्या वयात झोपेचा त्रास शिकवलेल्या गटात ३९ टक्के, दुसऱ्यात ५५ टक्के. बाळ २ वर्षांचं होईपर्यंत आयांमधली नैराश्याची लक्षणं १५ टक्के विरुद्ध २६ टक्के. मुलं ६ वर्षांची झाल्यावर ॲना प्राइस आणि सहकाऱ्यांनी २२५ मुलांना पुन्हा गाठलं: भावनिक अडचणी, वागणूक, आईवडिलांशी जवळीक, लाळेतलं कॉर्टिसॉल, कशातच ठळक फरक नाही. आणि झोपेतही नाही, ९ टक्के विरुद्ध ७ टक्के. म्हणजे नुकसान टिकलं नाही तसा फायदाही टिकला नाही, ट्रेनिंग न केलेली मुलंही तोवर व्यवस्थित झोपायला लागली होती. हे दुसरं अर्धं विकणारे सांगत नाहीत आणि विरोधक पहिलं अर्धं सांगत नाहीत.

याही अभ्यासाला मर्यादा आहेत. तुलना 'शिकवलं' आणि 'नाही शिकवलं' यांची आहे, घरी प्रत्यक्ष कोणी किती रडू दिलं याची नाही, दुसऱ्या गटातल्या पालकांनीही मनाने काही केलं असेलच. ६ वर्षांच्या वयात जवळीक बरीचशी पालकांनीच भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरली, आणि सुमारे ३० टक्के कुटुंबं तोवर गळाली होती.

उलट दिशेचं उदाहरण म्हणून इस्रायलमधल्या किबुत्झ या सामूहिक वसाहतींचा अभ्यास (१९९४) कधीकधी देतात. तिथे आईवडिलांपासून दूर, सामूहिक बालगृहात रात्र काढणाऱ्या बाळांत सुरक्षित अटॅचमेंट ४८ टक्के, आणि घरी झोपणाऱ्यांत ८० टक्के आढळली. ती मात्र रोजचीच व्यवस्था होती, रात्री लक्ष ठेवणारी माणसंही बदलती असायची, बाळ आजारी पडलं तरी आधी तीच यायची. आठवडाभराच्या ट्रेनिंगला हे आकडे लावणं बहुतेक अभ्यासकांना मान्य नाही.

६ महिन्यांखालच्या बाळांबद्दल, अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळांबद्दल आणि अजिबात न डोकावण्याच्या पद्धतीच्या पाच-सहा वर्षांनंतरच्या परिणामांबद्दल पुरावा फारच तुटपुंजा आहे. वरच्या चाचण्यांमधली बाळं बहुतेक निरोगी आणि अर्ध्या वर्षापुढची होती, ते निकाल या बाळांना लावता येत नाहीत.