हायड्रोजनच्या रेषांना ९१.१८ पुरे

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना हायड्रोजनच्या प्रॅक्टिकलला ट्यूबमधल्या प्रकाशाच्या लाल रेषेची तरंगलांबी माझी ६५८ नॅनोमीटर आली होती. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने ६५६.३ बरोब्बर आणली होती, कारण त्याने आधी पुस्तक उघडलं आणि मग त्यातून कोन काढला. गंमत म्हणजे त्याला फक्त उत्तर माहीत होतं, ते कुठून आलं हे नाही. ते उत्तर अर्ध्या मिनिटात कागदावर निघतं, आणि तेवढ्याच मेहनतीत डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषाही निघतात.



हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन. तो कुठल्याही ऊर्जेचा असू शकत नाही, ठरावीक पातळ्यांवरच असतो. हे डोळ्यांसमोर आणायला मला शिडीपेक्षा बारव जास्त पटते. शिडी खालून वर मोजतात, बारवेची खोली मात्र वरच्या काठापासून खाली मोजतात. इथेही तसंच आहे. काठावर पोचला की इलेक्ट्रॉन अणूतून सुटला, तिथे शून्य. आत असताना ऊर्जा ऋण, म्हणजे काठापासून तो किती खोल आहे ते. सगळ्यात खालची पायरी १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट खोल. दुसरी पायरी १३.६ भागिले ४, म्हणजे ३.४. तिसरी १३.६ भागिले ९, साधारण १.५१. चौथी ०.८५. पायरीचा क्रमांक n धरला तर सूत्र एवढंच:

E = −13.6 / n²

ही बारव बांधणाऱ्या गवंड्याला शिव्याच मिळाल्या असत्या. तळाच्या पायरीवरून दुसरीवर चढायला दहा पुरुष उंच भिंत, आणि काठाजवळ पायऱ्या इतक्या दाट की पाऊल ठेवायला जागा नाही. पण वर्णपटाचं सगळं रूप या विचित्र बांधणीतूनच येतं. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरला की दोन्ही पायऱ्यांच्या खोलीतला फरक प्रकाशाच्या एका कणाच्या रूपात बाहेर पडतो. फरक मोठा तर तरंगलांबी लहान. इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या फरकाने १२४० ला भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते.

आता माझी लाल रेषा. इलेक्ट्रॉन तिसऱ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरतो. ३.४ वजा १.५१ म्हणजे १.८९, आणि १२४० भागिले १.८९ म्हणजे ६५६.१. झालं? जवळजवळ. १.५१ हा आकडा आपण मध्येच कापला, तो खरं तर १.५१११ आहे. फरक १.८८८९ घेतला तर उत्तर ६५६.५ येतं. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करताना आधीच दशांश छाटले की असं होतं, आणि परीक्षेत दरवर्षी होतं.

म्हणून मी पायऱ्यांचे दशांश काढतच नाही, अपूर्णांक तसेच ठेवतो. १२४० भागिले १३.६ म्हणजे ९१.१८, जरा जास्त काटेकोर हवं तर ९१.१७६ नॅनोमीटर. काठावरून थेट तळाला पडलेल्या इलेक्ट्रॉनची ही तरंगलांबी. बाकी सगळ्या रेषा तिच्यातून निघतात. खालच्या पायरीच्या वर्गाचा व्यस्त, वजा वरच्या पायरीच्या वर्गाचा व्यस्त, आणि त्या फरकाने ९१.१७६ ला भागायचं. लाल रेषेसाठी १/४ वजा १/९ म्हणजे ५/३६. ९१.१७६ गुणिले ३६ भागिले ५, उत्तर ६५६.४७.

दुसऱ्या पायरीवरच चौथीवरून उतरलं तर १/४ वजा १/१६ म्हणजे ३/१६, आणि उत्तर ४८६.२७, निळसर हिरवी रेषा. पाचवीवरून ४३४.१७, सहावीवरून ४१०.२९, दोन्ही जांभळ्या. शेवटची रेषा ट्यूबमध्ये दिसायला खोलीत खरोखर अंधार हवा आणि डोळेही तरुण हवेत. याच चार रेषांच्या मोजलेल्या तरंगलांब्या समोर ठेवून बाझेलमधल्या मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या योहान बाल्मरने १८८५ मध्ये त्यांना बांधणारं सूत्र शोधलं. अणूची रचना तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. ते सूत्र का चालतं याचं उत्तर नील्स बोरने १९१३ मध्ये दिलं.

या बाल्मर मालिकेला सरसकट दृश्य म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. सातव्या पायरीवरून पडलेली रेषा ३९७ च्या आसपास येते, तिथेच बहुतेकांची नजर संपते. पुढच्या रेषा अतिनीलमध्ये शिरतात, एकमेकींना अधिकाधिक चिकटत जातात आणि ३६४.७ ला, म्हणजे ९१.१७६ च्या चौपटीवर, मालिका थांबते. काठाजवळच्या दाट पायऱ्या इथे रेषांच्या गर्दीच्या रूपाने दिसतात.

तळाच्या पायरीवर पडणाऱ्या रेषा म्हणजे लायमन मालिका. दुसरीवरून पहिलीवर आलं तर १ वजा १/४ म्हणजे ३/४, आणि उत्तर १२१.५७. तिसरीवरून १०२.५७. शेवट ९१.१८ वर. अख्खी मालिका तीस-एकतीस नॅनोमीटरच्या पट्ट्यात बसते आणि ती संपूर्ण अतिनील आहे. गणित सोपं, रेषा पकडणं मात्र कठीण, कारण हा प्रकाश हवाच गिळून टाकते. काचेतूनही तो जात नाही, क्वार्ट्झमधूनही नाही. हार्वर्डमध्ये थिओडोर लायमनने त्यासाठी उपकरणातली हवाच काढून टाकली.

तिसऱ्या पायरीवर पडणाऱ्या रेषा पाशेन मालिकेच्या. चौथीवरून तिसरीवर आलं तर १/९ वजा १/१६ म्हणजे ७/१४४, आणि उत्तर १८७५.६ नॅनोमीटर. शेवट ९१.१७६ च्या नऊपटीवर, ८२०.६ ला. लाल रंगाच्या पलीकडे, सगळीच अवरक्त. फ्रीड्रिश पाशेनने १९०८ मध्ये तिचा शोध लावला. यातल्या पहिल्या रेषेची खोड वेगळीच आहे. १८७५ च्या आसपासचा प्रकाश हवेतली वाफ शोषून घेते, त्यामुळे जमिनीवरच्या दुर्बिणीला ही रेषा नीट मिळत नाही. आकाशगंगेच्या मध्यभागाचे या रेषेतले फोटो हबल दुर्बिणीने वरून काढले.

आपण बरोबर आहोत का, हे ताडून पाहायची एक युक्ती आहे. तिसरीवरून थेट पहिलीवर उडी मारली काय, किंवा तिसरीवरून दुसरीवर आणि मग पहिलीवर आलं काय, एकूण खोली तीच. म्हणजे लायमनची १०२.५७ ही रेषा बाल्मरच्या ६५६.४७ आणि लायमनच्या १२१.५७ या दोघींतून निघायला हवी. तरंगलांब्यांची बेरीज केली तर मात्र ७७८ येईल आणि डोकं धरून बसावं लागेल. बेरीज ऊर्जांची करायची, म्हणजे व्यस्तांची. १ भागिले ६५६.४७ म्हणजे ०.००१५२३३. १ भागिले १२१.५७ म्हणजे ०.००८२२५७. बेरीज ०.००९७४९०, आणि तिचा व्यस्त १०२.५७. जमलं.

आता खरी खोच. गणित ६५६.४७ म्हणतंय, आणि पुस्तकातल्या तक्त्यात छापलंय ६५६.२८. हा ०.१९ चा फरक आला कुठून? आमच्या जर्नलमध्ये तो प्रायोगिक चूक म्हणून खपून जायचा. प्रकाश रंगांत फाकवणाऱ्या आमच्या ग्रेटिंगवर इंचाला १५००० रेघा होत्या, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर १६९३ नॅनोमीटर. त्यावर लाल रेषा २२ अंश ४८ मिनिटांच्या आसपास मिळते, आणि कोन मोजायचा व्हर्नियर एक मिनिट चुकला की तरंगलांबी ०.४५ नॅनोमीटरने सरकते. माझा ६५८ म्हणजे चार मिनिटांची चूक. मी एकाच बाजूचं रीडिंग घेतलं होतं. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंची रीडिंग्ज घेऊन फरकाचं निम्मं केलं असतं तर त्यातली बरीचशी गेली असती. पण असल्या उपकरणावर ०.१९ शोधणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलणं.

तक्त्यातला आकडा चूक नाही. तो हवेतला आहे. गणित देतं ती निर्वातातली तरंगलांबी. हवेत प्रकाश किंचित हळू चालतो, त्याची लांबी सुमारे १.०००२८ ने भागली जाते, आणि ६५६.४७ चे ६५६.२९ होतात. उरलेला एक शतांश म्हणजे पायऱ्या स्वतःच बारीक चिरलेल्या असण्याचा परिणाम, तो साध्या सूत्रात येत नाही.

दुसरी खोच आपल्या ९१.१७६ मध्येच लपलेली आहे. १३.६ आणि १२४० हे दोन्ही गोल केलेले आकडे. काटेकोर आकडे, १३.६०५७ आणि १२३९.८४, घालून भागा. ९१.१२७ येतं आणि लाल रेषा ६५६.११ वर जाते. काटेकोर आकडे घेतल्यावर उत्तर बिघडलं! कारण १३.६०५७ हा आकडा अणुगर्भ जागचा हलतच नाही असं धरून काढलेला आहे. खरा प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पटच जड आहे, तोही थोडा डुलतो. त्यामुळे पायऱ्या दहा हजारांत साधारण साडेपाच भागांनी उथळ होतात. खऱ्या हायड्रोजनसाठी १३.५९८३ घ्यायचे, मग ९१.१७६ परत मिळतं. गोल आकड्यांनी ते आधीच बरोबर दिलं होतं, तो निव्वळ योगायोग.

हाच डुलण्याचा परिणाम हॅरोल्ड यूरीने १९३१ मध्ये कामाला लावला. हायड्रोजनचा दुप्पट जड भाऊ असेल तर त्याचा गर्भ निम्माच डुलेल, पायऱ्या जरा खोल जातील आणि लाल रेषा ०.१८ नॅनोमीटरने आखूड होईल, हे कागदावर आधीच काढता येत होतं. त्यासाठी द्रव हायड्रोजन हळूहळू उडवून देऊन जड भाग शिल्लक ठेवला, तो ट्यूबमध्ये भरला आणि ठरलेल्या जागी फिकट रेषा सापडली. ड्यूटेरियम. त्याबद्दल यूरीला १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही ०.१८ ची सरक हवेमुळे होणाऱ्या सरकीइतकीच आहे, हे लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं. ड्यूटेरियमची निर्वातातली लाल रेषा आपल्या गणिताने ६५६.२९ वर, आणि साध्या हायड्रोजनची हवेतली ६५६.२८ वर. तक्त्यावर हवा की निर्वात हे न वाचता कुणी आकडे जुळवायला बसलं, तर नळीत साधा हायड्रोजन असूनही त्याला ड्यूटेरियम सापडेल.