केबलची पिन काढली की थांबणारं हमिंग

सांगलीत विश्रामबागेतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मॅच मोठ्या आवाजात लावायची होती. सेट-टॉप बॉक्समधून आरसीए वायर काढून ॲम्प्लिफायरला जोडली आणि कॉमेंट्रीआधीच स्पीकरमधून जाड, एकसुरी घुंई सुरू झाली. आवाज वाढवला की तीही वाढायची. वायर बदलून फरक पडला नाही. केबलवाल्याची पिन बॉक्समधून काढली, तसं सगळं शांत. चित्रही गेलं म्हणा, पण दुखणं कुठे आहे ते कळलं.

ॲम्प्लिफायर थ्री-पिनचा, म्हणजे त्याचा पत्रा इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर दोन पिनांचा, त्याला स्वतःचं अर्थिंग नाही. पण केबलच्या वायरीची बाहेरची जाळी बॉक्सच्या पत्र्याला टेकते, आणि हीच जाळी खांबांवरून फिरत केबलवाल्याच्या लाइनवर कुठेतरी दुसऱ्याच अर्थिंगला मिळते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. तो आरसीए वायरीने जोडला गेला की जाळीतून प्रवाह फिरू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

आपल्याकडे आणखी एक भर असते. अशा अडॅप्टरमध्ये बहुधा एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून मिलिअँपियरच्या काही अंशाएवढा प्रवाह जाळीवर झिरपतो. केबलवाल्याने लाइनला नीट अर्थिंग दिलेलं नसलं, तर आळीतल्या सगळ्या घरांची ही गळती तुमच्या ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगची वाट धरते. केबलची पिन हाताला झिणझिणते ती याचमुळे. पण जोडताना ठिणगी उडाली किंवा सणसणीत झटका बसला, तर तो प्रश्न हमिंगचा नाही. तिथे हात न लावता आधी वायरमनला बोलवावं.

आता हिशोब करू. आरसीए वायरीच्या जाळीचा रोध ०.१ ओहम आणि तिच्यातून २० मिलिअँपियर प्रवाह जातोय असं धरलं, तर तिच्या दोन टोकांत २ मिलिव्होल्ट तयार होतात. आकडा किरकोळ वाटतो. पण आरसीएमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची तारही असते, त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या लेखी ते २ मिलिव्होल्ट म्हणजे कार्यक्रमाचाच भाग. कॉमेंटेटर हळू बोलत असताना सिग्नल पाच-पन्नास मिलिव्होल्टच असतो, आणि मग ५० हर्ट्झची घुंई आणि तिच्या १००, १५० हर्ट्झच्या पटी ठळक ऐकू येतात.

उपाय केबलच्या वायरीतच करावा. त्यासाठी बोटभर लांबीचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. तो बॉक्सच्या आधी वायरीत घालायचा. त्यात मधली तार आणि जाळी दोन्ही थेट न जोडता छोट्या कपॅसिटरमधून जोडलेल्या असतात. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला तीसएक लाख ओहमचा अडथळा करतो, तर १०० मेगाहर्ट्झच्या टीव्ही सिग्नलला जेमतेम दीड ओहमचा. त्यामुळे चॅनेल दिसतात आणि घुंई अडते. खरेदी करताना मल्टिमीटरने दोन्ही टोकांच्या जाळ्या जोडलेल्या नाहीत ना ते तपासा. काही स्वस्त नगांत त्या सरळ जोडलेल्याच निघतात.

डिशच्या वायरीत मात्र साधा आयसोलेटर चालत नाही. छतावरच्या डिशचा सिग्नल पकडणाऱ्या एलएनबीला बॉक्सकडून १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरीतून जातात आणि कपॅसिटर ते अडवतो. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आवाजाच्या वायरीत घालावा, म्हणजे सिग्नल चुंबकीय मार्गाने जातो आणि जाळीची सलगता तुटते. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज खातो, हे ध्यानात ठेवा. बॉक्सला आणि ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल सॉकेट असेल तर प्रश्नच मिटला, कारण त्या वायरीत धातूची जोडणीच नसते.

ग्राउंड लिफ्ट या नावाखाली मात्र लोक भलतंच करतात. ॲम्प्लिफायरची जाड पिन काढतात किंवा टू-पिन अडॅप्टर लावतात. घुंई थांबतेही, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण पुढे ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं, तर पत्र्यावर २३० व्होल्ट येतील आणि माइक धरणाऱ्याच्या हातातून जमिनीत जातील. खरा लिफ्ट स्विच असतो डीआय बॉक्सवर, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीवर. तो फक्त सिग्नलच्या वायरीची जाळी एका टोकाला सोडवतो, मेन्सच्या अर्थिंगला हात लावत नाही. तीन पिनांच्या एक्सएलआर वायरीत हे चालतं, कारण सिग्नल दोन वेगळ्या तारांतून जातो. आरसीएची जाळी अशी तोडली तर परतीची तारच तुटते आणि घुंई उलट वाढते.

आयसोलेटर लावूनही आवाज राहिला, तर सगळ्या इनपुट वायरी काढून ऐका. तरीही घुंई येत असेल आणि व्हॉल्यूमच्या बटणाने कमी-जास्त होत नसेल, तर बहुधा ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर म्हातारा झालाय.