जीर्ण स्वादुपिंडदाह : वेदना आणि वेदनारहित कावीळ

स्वादुपिंडाला वर्षानुवर्षे सूज येत राहून त्याच्या पेशींच्या जागी निबर तंतू तयार होतात, या विकाराला जीर्ण स्वादुपिंडदाह म्हणतात. मद्यपान आणि धूम्रपान ही त्याची प्रमुख कारणे आहेत. काहींमध्ये जनुकीय दोष असतो, तर काहींमध्ये कारण सापडतच नाही.

वेदना बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत आरपार जाते. जेवणानंतर ती वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर थोडी उतरते. खडे किंवा आकुंचन यांमुळे स्वादुपिंडाच्या नलिकेत रस तुंबतो आणि दाब वाढतो, हे तिचे एक कारण. मात्र नलिका फुगलेली असूनही न दुखणारे रुग्ण असतात, आणि नलिका जवळपास नेहमीसारखी असूनही तळमळणारेही असतात. सूज ग्रंथीतल्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचते आणि कालांतराने मज्जारज्जू व मेंदूच वेदनेला अतिसंवेदनशील होतात. म्हणूनच खडे काढूनही काहींचे दुखणे राहते. जुन्या आजारात रक्तातले लायपेज हे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य बहुधा वाढत नाही. तेवढ्यावरून ‘ॲसिडिटी’ म्हणून रुग्णाला परत पाठवणे ही नेहमीची चूक आहे.

या विकारात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पित्तनलिका स्वादुपिंडाच्या शीर्षातून जाते. तिथली गाठ ती हळूहळू दाबते आणि पोटात कळ न येता कावीळ चढते : लघवी गडद, शौच फिकट, अंगाला खाज. पित्ताशयातला खडा नलिकेत अडकला की सहसा कळ येते. कावीळ असताना पित्ताशय फुगलेले, पण न दुखणारे हाताला लागले, तर खड्यापेक्षा गाठीची शक्यता अधिक, हे कुर्व्हाझिए या स्विस शल्यविशारदाचे १८९० मधले निरीक्षण आजही उपयोगी आहे. ‘वेदनारहित’ हा शब्द मात्र सैलपणेच घ्यावा. मंद अस्वस्थता पुष्कळांना असते.

उदाहरणार्थ, दहा वर्षे जीर्ण स्वादुपिंडदाह सोसणारा ५८ वर्षांचा रुग्ण घ्या. कळ पूर्वीइतकीच आहे, पण तीन महिन्यांत वजन आठ किलोने घटले, नव्याने मधुमेह निघाला आणि तीन आठवड्यांत बिलिरुबिन हे काविळीचे पिवळे द्रव्य रक्तात ३ वरून १४ वर गेले. सोनोग्राफीत पित्ताची आणि स्वादुपिंडाची अशा दोन्ही नलिका फुगलेल्या दिसतात, खडा नाही. जुन्या दाहामुळेही पित्तनलिका आकसते, पण ती कावीळ बहुधा सौम्य असते किंवा कमीजास्त होत राहते. सतत चढणारी कावीळ जुन्या आजाराच्या खाती टाकू नये. इथे स्वादुपिंडाचा खास सीटी स्कॅन आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने सुईतपासणी लागते. सीए १९-९ हे रक्तचिन्ह कोणत्याही कारणाने पित्त तुंबले तरी वाढते, म्हणून एकट्या त्याच्यावर निदान होत नाही.

ग्रंथीच्या मध्यभागातली वा शेपटीकडची गाठ सहसा कावीळ आणत नाही. तिथे पाठीतली, रात्री आडवे झाल्यावर वाढणारी वेदना आणि घटते वजन हीच खूण असते. आणि निबर झालेल्या ग्रंथीत सुई गाठीला चुकू शकते, त्यामुळे शंका दाट असेल तर एका निर्दोष अहवालावर न थांबता तपासणी पुन्हा केली जाते.