ठेव की फी? गटकर्जातून आधीच कापलेल्या हजाराचा खरा भाव

दोन बायका, दोन वेगळ्या संस्था. दोघींनी गटात बसून १०,००० चं कर्ज मंजूर करून घेतलं, दोघींच्या हातात मोजून ९,००० पडले. पहिलीला सांगितलं, हजार फी. दुसरीला सांगितलं, हजार तुमची सक्तीची बचत, कर्ज फिटलं की परत. व्याजदर दोघींचा एकच, घटत्या शिल्लकीवर महिना २ टक्के, म्हणजे वर्षाचे २४. बारा समान हप्ते, प्रत्येकी ९४५.६०. चलन कुठलंही धरा, हिशोब तोच राहतो.

इथे गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो. कोणी म्हणतं, "कापले ते कापले, दोन्ही सारखंच." पण जास्त वेळा कानावर पडतं ते उलटं: "ठेव तर माझीच आहे, परत मिळणार आहे. मग त्यात खर्च कसला?" मला हा दुसरा गैरसमज जास्त महाग वाटतो, कारण त्यामुळे माणूस हिशोब करायलाच बसत नाही.

आधी उत्तर सांगतो, मग कारण. हजार फी म्हणून गेले असतील तर पहिलीला कर्ज खरं तर वर्षाला सुमारे ४५ टक्क्यांनी पडतं. हजार ठेव म्हणून अडकले आणि शेवटच्या हप्त्याच्या दिवशी बिनव्याजी परत आले, तर दुसरीला ते सुमारे २९ टक्क्यांनी पडतं. कागदावर दोघींच्याही २४ लिहिलेलं आहे. म्हणजे ठेव ही फीइतकी महाग नाही, पण फुकटही नाही. बारा महिने अडकलेल्या त्या हजाराचा बोजा जवळपास २५० च्या फीएवढा होतो.

कोणाला ताडून पाहायचं असेल तर एक्सेलसारख्या कुठल्याही तक्त्यात एका खाली एक तेरा आकडे भरा. पहिल्या घरात हातात पडलेली रक्कम 9000, पुढच्या अकरा घरांत -945.60 आणि शेवटच्या घरात 54.40, कारण त्या दिवशी हप्ता वळता करून हजारातले तेवढेच हातात येतात. मग:

```
=IRR(A1:A13, 0.02)*12
```

उत्तर 28.95 टक्क्यांच्या आसपास येईल. फीचं उत्तर हवं असेल तर शेवटच्या घरातही -945.60 ठेवा.

आता कारण. संस्था व्याज लावते ते पूर्ण १०,००० धरून. वर्षभराचं व्याज होतं १,३४७. पण हप्ते फिटत जातात तसं कर्ज उतरत जातं, त्यामुळे वर्षभराची सरासरी काढली तर अंगावरचं कर्ज १०,००० नसून फक्त ५,६१३ असतं. १,३४७ ला ५,६१३ ने भागा, २४ टक्के येतात. कागद खोटं बोलत नाही. मात्र ठेव उतरत नाही. कर्ज निम्म्यावर आलं तरी संस्थेकडचा हजार हजारच राहतो. म्हणजे दुसरीला वापरायला मिळालेले पैसे सरासरी ४,६१३. व्याज मात्र तेच १,३४७. भागून पाहा, २९ च्या जरा वर. हाताने केलेला हा भागाकार तक्त्याच्या उत्तराच्या अगदी जवळ जातो, म्हणून बैठकीत बसल्या बसल्या करायला मला हाच आवडतो. मंजूर कर्जाच्या १० टक्के वाटणारी ठेव खऱ्या कर्जाच्या जवळपास १८ टक्के असते, ते इथे दिसतं.

हेच जवळून बघायचं तर अकरावा हप्ता भरल्यानंतरचा दिवस घ्या. दुसरीच्या पासबुकात कर्ज शिल्लक ९२७. ठेवीच्या पानावर जमा १,०००. म्हणजे त्या दिवशी ती संस्थेची देणेकरी नाहीच, संस्थाच तिला ७३ देणं लागते. तरीही बाराव्या हप्त्यात त्या ९२७ वर २ टक्क्यांनी साडेअठरा व्याज धरलेलं आहे. स्वतःच्याच पैशावर ती व्याज भरते आहे. हा प्रकार शेवटच्याच महिन्यात असतो असं नाही. पहिल्या दिवसापासून तिच्या कर्जातला एक हजाराचा तुकडा तिचाच असतो. शेवटी तो उघडा पडतो इतकंच.

मुदत कमी केली की ठेव आणि फी यांचा खरा स्वभाव वेगळा होतो. तेच कर्ज सहा महिन्यांचं करा. फीवाल्या बाईचा खरा दर उडी मारून ६३ टक्क्यांच्या आसपास जातो, कारण तीच हजाराची फी आता निम्म्या काळावर पसरते. ठेववालीचा दर जवळपास जागेवरच राहतो, २९ च्या आतबाहेर. ठेव जितके दिवस अडकते तितकीच दुखते, त्यामुळे ती व्याजदरासारखी वागते. फी मात्र एकदाच मारते, म्हणून छोट्या मुदतीत तिचा फटका जबर बसतो. वारंवार छोटी कर्जं घेणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवावं.

ठेवीवर व्याज देतो म्हणणाऱ्या संस्थाही असतात. वर्षाला ४ टक्के दिले तर २९ वरून दर २८ च्या थोडा वर येतो. चांगलंच आहे, पण फरक फार पडत नाही. त्यापेक्षा मोठा फरक पडतो ठेव केव्हा घेतली यावर. आधी न कापता प्रत्येक हप्त्यासोबत शंभर शंभर घेतले, तर शेवटी ठेव १,२०० ची होते, म्हणजे रक्कम जास्त, तरीही खरा दर सुमारे २६.४ टक्केच राहतो. कारण पूर्ण १०,००० हातात पडतात आणि पैसे हळूहळू अडकतात. म्हणून दोन संस्थांच्या अटी पाहताना ठेवीची टक्केवारी बघण्याआधी ती कर्जातून आधी कापतात की हप्त्यासोबत घेतात हे विचारावं.

इथपर्यंत धरून चाललो की ठेव ठरल्या दिवशी पूर्ण परत येते. गटकर्जात हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. गटात एकमेकींची जबाबदारी असते आणि ठेव बरेचदा त्या जबाबदारीची हमी म्हणून ठेवलेली असते. समजा गटातल्या एका सभासदाने हप्ते बुडवले आणि प्रत्येकीच्या ठेवीतून ३०० वळते झाले. दुसरीला ७०० परत मिळाले. तिचा खरा दर आता ३४ टक्के. किंवा पैसे पूर्ण मिळाले, पण "गट सोडल्यावरच ठेव" या अटीमुळे शेवटच्या हप्त्यानंतर सहा महिन्यांनी मिळाले: साडेएकतीस. आणि संस्थाच बुडाली तर ठेवीची सरळ फी होते, आपण पुन्हा ४५ वर. कर्ज देतेवेळी कागदावर असलेला शब्द "बचत" असो नाहीतर "ठेव", खरा दर २९ आणि ४५ च्या मधे कुठे बसणार हे परतीच्या अटी ठरवतात.

म्हणून पासबुकात मी दोन गोष्टी आधी पाहतो. एक, ठेव सभासदाच्या स्वतःच्या नावावर आहे की गटाच्या. गटाच्या नावावर असेल तर ती दुसऱ्याच्या थकबाकीत जाण्याची शक्यता नियमातच लिहिलेली असते, फक्त वाचावी लागते. दोन, परतीची तारीख कर्जाशी जोडलेली आहे की सभासदत्वाशी. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेच्या सुरुवातीच्या पद्धतीत कर्जाच्या ५ टक्के रक्कम कापून गट निधीत जात असे, आणि त्या निधीवर सभासदाचा वैयक्तिक हक्क किती, हाच पुढे सभासदांच्या नाराजीचा मुद्दा झाला. नंतरच्या सुधारणांमध्ये बचत वैयक्तिक खात्यांत आली. नाव कोणाचं आणि काढता कधी येणार, याच दोन प्रश्नांवरून तेव्हा तंटा होता.

नियामकांनी यातलं काय धोक्याचं मानलं, हेही बघण्यासारखं आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये सूक्ष्म वित्त संस्था म्हणून नोंदणी होणाऱ्या बिगरबँक कंपन्यांसाठी नियम केले. त्यात प्रक्रिया शुल्काला परवानगी होती, पण ढोबळ कर्जरकमेच्या १ टक्क्याच्या आत. कर्जदाराकडून सुरक्षा ठेव किंवा मार्जिन घ्यायला मात्र पूर्ण बंदी होती. वरवर हे उलटं वाटतं, परत मिळणारी ठेव बंद आणि परत न मिळणारी फी चालू. पण फी दिसते, मोजता येते, तिला कमाल मर्यादा घालता येते. ठेवीचा खर्च कागदावर कुठेच उमटत नाही, आणि ती परत येईल की नाही हा धोका कर्जदाराच्या अंगावर राहतो. मला हा निर्णय योग्य वाटतो.

एक खरा आक्षेप आहे, तो बाजूला टाकू नये. एखादी बाई म्हणेल, "हे हजार मी कुठेतरी साठवलेच असते. ठेवीमुळे ते खर्च झाले नाहीत." तिच्यासाठी २९ हा आकडा जरा कडक आहे, हे मान्य. पण तिने स्वतः साठवलेले हजार मुलाच्या तापाच्या रात्री काढता येतात, आणि नको तेवढं कर्ज न घेता ९,००० च मागता येतात, तेही २४ टक्क्यांनीच. ठेवीचे हजार त्या रात्री हात लावता येत नाहीत. अडचण आली तर ती दुसरीकडून कर्ज काढते, आणि त्या दुसऱ्या कर्जाचं व्याजही याच ठेवीच्या खात्यावर मांडायला हवं.

काही ठिकाणी संस्था ठेव स्वतःकडे न ठेवता दुसऱ्या बँकेत सभासदाच्या नावे ठेवते, पण कर्ज फिटेपर्यंत ती काढता येत नाही. यात पैसे बुडण्याची भीती बरीच कमी होते, संस्थेला तेच पैसे पुन्हा फिरवता येत नाहीत, आणि ही पद्धत संस्थेने ठेव स्वतःकडे ठेवण्यापेक्षा नक्की बरी. खरा दर मात्र तिथेही तोच, २९ च्या आसपास. पैसे कोणाच्या तिजोरीत पडलेत याने कर्जदाराचा खर्च बदलत नाही. ते तिच्या हातात नाहीत, याने बदलतो.